प्रबंधाचं शीर्षक आणि बीजशब्द : सादर करण्याआधी कसे तपासायचे

ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. प्रबंध बांधून आला की त्याची नोंद करणं, विषय ठरवणं, बीजशब्द तपासणं हे माझ्याकडे असतं. बीजशब्द म्हणजे तेच, ज्यांना सगळे कीवर्ड म्हणतात. शीर्षक वाचून मी मनाशी एक विषय ठरवते, मग अभ्यासपद्धतीचं तिसरं प्रकरण उघडते आणि बऱ्याचदा तो विषय खोडून दुसरा लिहावा लागतो. शीर्षक एक सांगतं, आतला अभ्यास दुसरंच करत असतो. तोवर प्रबंध बांधून झालेला असतो आणि दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

म्हणून ही तपासणी करायची ती सारांशिका देण्याआधी, माहिती गोळा होऊन तक्ते तयार झाल्यावर. त्याआधी केली तर तपासायला हातात काही नसतं, नंतर केली तर बदलायला वाव नसतो.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. हा प्रबंध कुणा एकाचा नाही. मी पाहिलेल्या तीन-चार प्रबंधांतल्या अडचणी एकत्र करून तो बेतला आहे, आकडेही त्याच्यापुरतेच. शीर्षक असं :

«नवी मुंबईतील कोळी समाजाच्या जीवनमानावर नागरीकरणाचा झालेला परिणाम : एक समाजशास्त्रीय चिकित्सक अभ्यास»

बीजशब्द : नवी मुंबई, कोळी, समाज, नागरीकरण, परिणाम, अभ्यास.

वाचायला भारदस्त आहे. आता तपासू.

आधी शीर्षक झाका

कोरा कागद घ्या, शीर्षकावर हात ठेवा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणाला विचारलं? कुठे? कधी? काय विचारलं? उत्तरांचं पुढे काय केलं? ही उत्तरं तिसऱ्या प्रकरणातून आणि तक्त्यांच्या यादीतून काढायची. नोंदणीच्या वेळच्या आराखड्याकडे बघायचंसुद्धा नाही. आराखडा भविष्यकाळात लिहिलेला असतो : «मुलाखती घेण्यात येतील, तुलना करण्यात येईल.» शीर्षकही त्याच दिवसांत जन्मलेलं असतं. पुढच्या तीन-चार वर्षांत अभ्यासाची वाट बदलते, शीर्षक मात्र जागच्या जागी राहतं. तेव्हा उत्तरं भूतकाळात लिहा, म्हणजे «येतील» निघून जातं.

आपल्या उदाहरणात कागदावर असं उतरलं :

दिवाळे आणि सारसोळे या दोन कोळीवाड्यांतली 86 कुटुंबं. कुटुंबांची नावं दोन्हीकडच्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासद-यादीतून घेतली. प्रत्येक घरी एकदाच जाऊन मुलाखत-अनुसूची भरून घेतली. मुख्य प्रश्न हे की आजोबा काय करत, वडील काय करत, मुलं-सुना काय करतात आणि काम का बदललं. उत्पन्नही विचारलं होतं, पण 31 घरांनी सांगायला नकार दिला म्हणून तो तक्ता गाळला. उत्तरांची टक्केवारी काढली आणि पिढ्यांनुसार तक्ते केले.

हा परिच्छेद आणि वरचं शीर्षक शेजारी शेजारी ठेवलं तरी ती एकाच प्रबंधाची वाटत नाहीत. पण नुसतं वाटणं पुरेसं नाही. नेमकं कुठे फाटतं ते बघायला हवं.

प्रत्येक शब्दाला पान क्रमांक मागा

ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे, म्हणून इथे वेळ घालवा. शीर्षकातला प्रत्येक नाम-शब्द एकाखाली एक लिहा आणि त्याच्यासमोर प्रबंधातलं पान लिहा, जिथे त्या गोष्टीची माहिती गोळा केलेली दिसते. प्रस्तावनेतलं किंवा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातलं पान चालणार नाही. तिथे दुसऱ्यांचं काम असतं. तक्ता हवा, मुलाखतीतला उतारा हवा, तुम्ही स्वतः मिळवलेलं काहीतरी हवं.

«नागरीकरण»साठी पान शोधलं तर दुसऱ्या प्रकरणात बारा पानं मिळाली : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, जमिनींचं संपादन, नोड म्हणजे नियोजित वसाहती कशा वसल्या. पण ही सगळी पार्श्वभूमी आहे. 86 घरांत नागरीकरण मोजणारा एकही प्रश्न नव्हता. घर गावठाणात आहे की नव्या इमारतीत, खाडीवरची वाट बंद झाली का, जेट्टी कधी बांधली, यातलं काही विचारलेलं नाही. पान क्रमांक रिकामा राहिला.

«जीवनमान»साठीही तेच झालं. जीवनमान म्हणजे निदान उत्पन्न, घर, शिक्षण, आरोग्य यांतलं काहीतरी. उत्पन्नाचा तक्ता गाळला, शिक्षणाचा एकच तक्ता आहे. तो शब्द आता शीर्षकात टिकत नाही. इथे एक सांगायला हवं : 31 घरांनी उत्पन्न सांगितलं नाही यात संशोधकाचा काही दोष नाही, शहरात असं होतंच. चूक एवढीच की तक्ता गाळला तेव्हा शीर्षकातला शब्द गाळायचं राहून गेलं. माहिती गोळा करताना काही गळलं की त्याच दिवशी शीर्षक उघडून बघावं.

«कोळी समाज» या शब्दाला मात्र पान मिळतं, पण अर्धवट. 86 पैकी 9 कुटुंबं आगरी होती. ती संस्थेची सभासद होती, मासेमारी करत होती, म्हणून यादीत आली. म्हणजे अभ्यास जातीनुसार निवडलेल्या लोकांचा नाही, व्यवसायानुसार निवडलेल्या लोकांचा आहे. शिवाय महाराष्ट्रात «कोळी» म्हटलं की ते एकच नसतात. किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे, सह्याद्रीतले महादेव कोळी वेगळे, आणि महादेव कोळी तर अनुसूचित जमातीत येतात. «कोळी समाज» एवढंच लिहिलं तर अकोले-जुन्नरकडचा संशोधकही हा प्रबंध मागवेल आणि पहिल्याच प्रकरणावर मिटून ठेवेल. इथला खरा शब्द «मच्छीमार कुटुंबे» आहे.

आता जी गोष्ट सहसा सुटते ती. नावं सभासद-यादीतून घेतली. ज्या घराने मासेमारी कायमची सोडली आणि सभासदत्वही संपवलं, ते घर यादीत नाही. म्हणजे व्यवसाय बदलण्याचा अभ्यास करताना, सर्वांत जास्त बदललेली घरंच मुळात बाहेर राहिली. ही मर्यादा प्रबंधात लिहिलेली असेल, ठीक. पण शीर्षकात «कोळीवाड्यातील कुटुंबे» असं लिहिलं तर वाचणारा समजणार की सगळी घरं पाहिली. म्हणून «सभासद» हा छोटा शब्द शीर्षकात यायलाच हवा. तो आला की वाचणाऱ्याला कळतं की सोडून गेलेल्यांविषयी इथे काही नाही.

«एक समाजशास्त्रीय चिकित्सक अभ्यास» या शेपटीबद्दल फार बोलायचं कारण नाही. प्रबंध अभ्यासच असतो. तो समाजशास्त्र विभागात सादर होतोय हे मुखपृष्ठावर छापलेलं असतंच. «चिकित्सक» लिहिल्याने चिकित्सा होत नाही. चार शब्द गेले, जागा झाली.

«परिणाम» हा शब्द काय मागतो

मराठी प्रबंधांच्या शीर्षकांत सर्वाधिक गैरवापर होतो तो याच शब्दाचा. «अमुकचा तमुकवर परिणाम» म्हणजे अमुक नसतं तर तमुक वेगळं झालं असतं, असा दावा. तो दाखवायला काहीतरी तुलना लागते. एकतर त्याच लोकांची आधीची आणि नंतरची माहिती हवी, नाहीतर जिथे अमुक झालं नाही अशा जागेशी ताडून पाहायला हवं.

आपल्या अभ्यासात घरी एकदाच गेलो. नागरीकरण न झालेला एखादा कोळीवाडा शेजारी ठेवला नाही. मुलाने मासेमारी सोडली, कारण शहर आलं, की कारण तो बारावी झाला, की खाडीतले मासे कमी झाले, की वडील वारल्यावर होडी विकली? सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती सोडवण्याची सोय या आखणीत नाही. लोकांनी सांगितलेली कारणं मात्र आहेत, आणि तीही मोलाची आहेत. पण «लोक काय कारण सांगतात» आणि «कशाचा परिणाम झाला» या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

असे आणखीही शब्द आहेत जे लिहिल्याबरोबर काहीतरी मागतात. «परिणामकारकता» लिहिलं तर तुम्ही एखादा उपक्रम राबवलेला हवा आणि त्याचं फळ मोजलेलं हवं. «सहसंबंध» लिहिलं तर दोन गोष्टी मोजून त्यांच्यातलं नातं आकड्यात काढलेलं हवं, नुसते दोन तक्ते शेजारी ठेवून चालत नाही. «तौलनिक» म्हणजे दोन्ही गटांना एकच माप लावलेलं. दिवाळ्यात मुलाखती आणि सारसोळ्यात फक्त निरीक्षण, अशी तुलना होत नाही. «मूल्यमापन»ला आधी ठरवलेले निकष लागतात. याउलट «बदल», «अनुभव», «दृष्टिकोन», «स्वरूप» हे शब्द कमी मागतात. ते वापरायला लोक कचरतात, कारण ते साधे वाटतात. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक शीर्षक वाचून पहिला प्रश्न विचारतात तेव्हा हेच साधे शब्द तुम्हाला वाचवतात. «परिणाम कुठे मोजला?» हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यानंतरची शांतताही.

आपल्या प्रबंधात तीन पिढ्यांची कामं खरोखर विचारली आहेत, तक्ते आहेत. म्हणून «परिणाम»च्या जागी «व्यवसायबदल», आणि त्याला लागून «तीन पिढ्यांचा».

जागेचं नाव नकाशावर ठेवून बघा

आमच्या भागात जागेचं नाव फार फसवतं. «नवी मुंबई» म्हणजे काय? 1 जानेवारी 1992 ला अस्तित्वात आलेली महानगरपालिका, जी दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आहे आणि ठाणे जिल्ह्यात येते? की सिडकोचं प्रकल्पक्षेत्र, जे पुढे रायगड जिल्ह्यात, पनवेल-उरणकडे पसरतं? पनवेलला 2016 पासून स्वतःची महानगरपालिका आहे, तरी खारघरचा माणूस पत्ता नवी मुंबईचाच सांगतो. त्यामुळे «नवी मुंबईतील» लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात दोन वेगळे नकाशे येऊ शकतात. दोन गावांचा अभ्यास असेल तर गावांची नावं द्या. «नवी मुंबई» फक्त ती गावं कुठे आहेत ते कळावं म्हणून.

«ठाणे जिल्हा» तर याहून अवघड, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. माझा लघुप्रबंध ठाणे जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांवर होता. प्रश्नावल्या मी आधीच पाठवल्या होत्या, वाडा आणि जव्हारकडूनही भरून आल्या होत्या. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि मी वर्षाअखेरीस छापील प्रत दिली, मुखपृष्ठावर «ठाणे जिल्हा» तसंच. परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, «जव्हार ठाणे जिल्ह्यात आहे?» मी म्हटलं, «होतं, सर.» ते हसले, पण मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्रं नव्याने छापावी लागली. «विभाजनपूर्व ठाणे जिल्हा» एवढा एक शब्द घालायला मला तीन आठवडे आणि बांधणीचा दुप्पट खर्च आला. तुमच्या माहितीचा काळ 2014 च्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर ठाणे जिल्हा म्हणजे कोणता, हे शीर्षकात नाहीतर निदान सारांशात पहिल्या ओळीत स्पष्ट हवं.

काळाचंही हेच. «2010 ते 2020» असं शीर्षकात असेल तर दोन्ही टोकांची माहिती हातात हवी. 2020 मध्ये जाऊन 2010 बद्दल आठवणी विचारल्या असतील तर तो 2020 चा अभ्यास झाला.

आता नवं शीर्षक लिहा, आणि ते दुसऱ्याला द्या

जे शब्द पान क्रमांक मिळवून उरले तेवढेच घ्या आणि जोडा. आपला पहिला प्रयत्न असा झाला :

«नवी मुंबईतील दिवाळे व सारसोळे या दोन कोळीवाड्यांतील मच्छीमार सहकारी संस्थांच्या 86 सभासद कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या व्यवसायात झालेल्या बदलाचा मुलाखत-अनुसूचीद्वारे केलेला अभ्यास»

खरं आहे, पण दमछाक होते. काटेकोरपणाच्या नादात लोक या दुसऱ्या टोकाला जातात. कुटुंबांची संख्या शीर्षकात नको, ती सारांशात. मुलाखत-अनुसूची हे साधन आहे, तेही सारांशात. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवायला मी एक कसोटी लावते : हा शब्द काढला तर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल का? «86» काढलं तर होत नाही. «सभासद» काढलं तर होतो. «दोन कोळीवाड्यांतील» काढलं तरी गावांची नावं आहेतच. मग हे उरलं :

«मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासद कुटुंबांतील तीन पिढ्यांचा व्यवसायबदल : दिवाळे व सारसोळे, नवी मुंबई»

जुन्यापेक्षा थोडं लांबच आहे. शीर्षक लहानच हवं असा माझा आग्रह नाही, त्यातला प्रत्येक शब्द कामाचा हवा एवढंच. जुन्यात «एक», «झालेला», «चिकित्सक», «अभ्यास» नुसते बसून होते.

आता हे शीर्षक तुमच्या विषयातल्या, पण तुमचा प्रबंध न वाचलेल्या कोणाला तरी द्या आणि म्हणा, «यात मी काय केलं असेल ते चार ओळींत लिही.» लोकलमध्ये ठाणे ते वाशी होईपर्यंत होणारं काम आहे. त्यांनी लिहिलेलं आणि तुमचा झाकलेल्या शीर्षकाचा कागद जुळवा. जिथे त्यांनी तुम्ही न केलेलं काही लिहिलं, तिथला शब्द जास्त बोलतोय. जिथे त्यांना तुम्ही केलेलं मोठं काही सुचलंच नाही, तिथे शब्द कमी पडतोय. आपल्या शीर्षकावर एकीने लिहिलं, «सभासदांच्या उत्पन्नाची तुलना केली असेल.» त्याला कारण «सहकारी संस्था» हा शब्द : त्याने मन अर्थशास्त्राकडे वळतं. तिथे शीर्षक बदललं नाही, पण सारांशाच्या पहिल्या वाक्यात «उत्पन्न हा या अभ्यासाचा भाग नाही» असं घातलं.

बीजशब्द : शीर्षकाने जे गमावलं ते परत मिळवायला

बीजशब्द म्हणजे शीर्षकाचे तुकडे, असा समज आहे. म्हणूनच «समाज», «परिणाम», «अभ्यास» असे शब्द येतात. «अभ्यास» टाकून शोधलं तर निम्मं ग्रंथालय हाती येईल. आणि नुसतं «कोळी» टाकलं तर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आठ पायांचे कोळीसुद्धा येतील. मी स्वतः आमच्या संगणकावर हे करून पाहिलं आहे.

मराठीत बीजशब्दांना एक वेगळंच काम आहे. आपल्या भाषेत शब्द वाक्यात गेला की रूप बदलतो. «ठाणे»चं «ठाण्यातील», «कोळीवाडा»चं «कोळीवाड्यांतील», «कुटुंबे»चं «कुटुंबांतील» होतं. ग्रंथालयांच्या अनेक ऑनलाइन सूची अक्षराला अक्षर जुळवून शोधतात, त्यांना सामान्यरूप कळत नाही. «कोळीवाडा» टाकणाऱ्याला «कोळीवाड्यांतील» असं शीर्षक असलेला प्रबंध सापडतोच असं नाही. म्हणून बीजशब्द नेहमी मूळ रूपात, प्रत्यय न लावता लिहा. शीर्षकात विभक्तीने मोडलेले महत्त्वाचे शब्द बीजशब्दांत सरळ करून परत आणा. ही पुनरुक्ती नाही.

दुसरं, शीर्षकात जे मावलं नाही पण प्रबंधात पूर्ण विभाग म्हणून आहे, ते इथे आणा. तिसरं, तुम्ही एक शब्द निवडलात, पण दुसरे लोक त्याच गोष्टीला वेगळा शब्द वापरतात, तो इथे. तुम्ही «व्यवसायबदल» लिहिलंत, कुणी «व्यवसायांतर» लिहितं. «नागरीकरण» आणि «शहरीकरण» यांचंही तसंच. लेखनभेदही बघा : «मच्छीमार» आणि «मच्छिमार» दोन्ही छापलेलं दिसतं.

आपले बीजशब्द असे झाले : मच्छीमार; मच्छिमार; कोळीवाडा; व्यवसायबदल; व्यवसायांतर; तीन पिढ्या; खाडीतील मासेमारी; मच्छीमार सहकारी संस्था.

«खाडीतील मासेमारी» हा शब्द शीर्षकात नाही. पण होड्या, जाळी आणि खाडीतल्या मासेमारीवर प्रबंधात एक आख्खं उपप्रकरण आहे आणि खोल समुद्रातल्या मासेमारीपासून ते वेगळं काढायलाच हवं. «प्रकल्पग्रस्त» हा शब्द घालायचा मोह झाला होता. या भागात तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि शोधणारेही पुष्कळ. पण जमीन संपादनाबद्दल या घरांना काही विचारलेलंच नाही. मग संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेवर काम करणारा कोणी हा प्रबंध उघडेल आणि रिकाम्या हाती परत जाईल. शोधात येण्यासाठी शब्द घालणं म्हणजे दुकानावर मिठाईची पाटी लावून आत वह्या विकण्यासारखं आहे. शब्द वगळला.

इंग्रजी बीजशब्दही मागतात. ते मराठीचं शब्दशः भाषांतर करून देऊ नका. त्या विषयातले लोक इंग्रजीत खरोखर जे शब्द वापरतात ते द्या. «व्यवसायबदल»ला तिथे ठरलेली संज्ञा आहे :

```
fishing households; intergenerational occupational mobility;
fishing cooperatives; creek fishing; Koliwada; Navi Mumbai
```

अभ्यास इंग्रजांच्या काळातल्या कागदपत्रांवर असेल तर Thane सोबत Thana हेही घाला. जुन्या गॅझेटिअरमध्ये तेच स्पेलिंग आहे.

मग तुमचे शब्द शोधगंगेवर एकेक करून टाकून बघा (shodhganga.inflibnet.ac.in). आलेल्या प्रबंधांच्या रांगेत तुमचा प्रबंध शोभेल का? पहिल्या वीस नोंदींत तुमच्या कामाशी नातं असलेल्या दोन-तीनही नसतील, तर शब्द फार मोठा आहे किंवा भलताच आहे. एकही नोंद आली नाही तर तो शब्द बहुधा तुम्हीच बनवलेला आहे. एखादा असा असू दे, सगळे नकोत.

छापण्याआधी अक्षरं बघा

प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर पीडीएफमधून शीर्षक उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसला तर तो मजकूर कोणत्याच शोधात सापडणार नाही. शीर्षक, सारांश आणि बीजशब्द तरी युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून द्या.

शीर्षकात बदल करायचा तर मार्गदर्शकांच्या सहीचा अर्ज विद्यापीठाच्या संशोधन समितीकडे जातो. नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, म्हणून सारांशिकेच्या तारखेआधी विभागात विचारून घ्या. अर्जात कारण लिहिताना «पान क्रमांक» वाली यादी सोबत जोडा. «माहिती संकलनानंतर व्याप्ती निश्चित झाली» एवढं आणि ती यादी, समितीला सहसा एवढं पुरतं.

मंजुरीचं पत्र आलं की त्यातलं शीर्षक हेच प्रमाण. मुखपृष्ठ, आतलं पान, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र आणि ऑनलाइन अर्ज या सगळीकडे ते तसंच हवं. «व»च्या जागी «आणि» नको. आणि मधला तो अपूर्णविराम बघा. मराठी टाइप करताना पुष्कळांच्या हातून «:» ऐवजी विसर्ग पडतो आणि «व्यवसायबदल :» चं «व्यवसायबदलः» होतं. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला तो वेगळाच शब्द असतो. आमच्या सूचीत अशा विसर्ग लागलेल्या सहा नोंदी मी गेल्याच महिन्यात सुधारल्या.